नाव पुकारण्याआधीचे दोन सेकंद : पुरस्कार सोहळ्यात विजेत्यांची नावं जाहीर करणाऱ्या नवख्या निवेदकांसाठी

सोलापुरातल्या एका गुणगौरव समारंभात मी पहिल्यांदा पुरस्कारांची नावं पुकारली, तेव्हा माझ्या हातात इंग्रजीत टाइप केलेली यादी होती. तिसऱ्या ओळीत आडनाव होतं Gadam. मी 'गदम' वाचलं. सभागृहात कुणीच उठलं नाही. मी पुन्हा 'गदम' म्हटलं, थोडं मोठ्यानं. तरीही कुणी उठेना. पुढची पंधरा-वीस सेकंद अशीच गेली, मग घाबरून मी चौथं नाव घेतलं आणि त्या घरचे लोक टाळ्या वाजवत मंचावर आले. त्यांच्या हातात तिसऱ्याचं सन्मानचिन्ह पडलं. कार्यक्रम संपल्यावर साठी ओलांडलेले एक गृहस्थ माझ्याकडे आले आणि शांतपणे म्हणाले, "बाई, आमचं गड्डम हाय. मी तिथंच बसलो होतो की." (आडनाव इथे बदललं आहे, अडचण तीच होती.) आयुष्यभर यंत्रमागावर उभं राहिलेल्या माणसाला त्याचा एकुलता एक पुरस्कार मंचाच्या मागच्या बाजूला, टाळ्यांशिवाय मिळाला.

त्यानंतर गेली काही वर्षं मी हे काम करते आहे. जे शिकले ते क्रमानं लिहिते. पूर्ण सूत्रसंचालनाबद्दल इथे काही नाही. दीपप्रज्वलन, स्वागत, प्रास्ताविक हे तुम्ही कुठूनही शिकाल. हे फक्त पुरस्कारांच्या अर्ध्या तासाबद्दल आहे.

सोबत काय हवं

- विजेत्यांची देवनागरीतली यादी, फोन नंबरांसह
- पोस्टकार्डाएवढ्या जाड कार्डांचा गठ्ठा, एका विजेत्याला एक कार्ड
- पेन्सिल आणि खोडरबर (पेन नको, नावं शेवटच्या दिवसापर्यंत बदलतात)
- सेकंद दाखवणारं घड्याळ किंवा फोनमधलं स्टॉपवॉच, फक्त सरावासाठी
- कार्डं ओवायला लोखंडी कडी
- छोटा टॉर्च. पोडियमवरचा दिवा ऐन वेळी गेलेला मी दोनदा पाहिला आहे

१. यादी देवनागरीत मागा, आणि मूळ अर्जाशी ताडून बघा

आयोजकांकडून यादी बहुतेक वेळा एक्सेलमध्ये, इंग्रजी अक्षरांत येते. त्या अक्षरांतून मराठी आडनाव ओळखणं म्हणजे अंदाजपंचे काम. Kale म्हणजे काळे, काले की कळे? Dange म्हणजे डांगे की दांगे? Sathe म्हणजे साठे की साथे? ल आणि ळ, न आणि ण, त आणि ट, द आणि ड या सगळ्या जोड्यांना इंग्रजीत एकच अक्षर आहे. जोडाक्षराचं दुसरं अक्षर तर टाइप करणारा सरळ गाळतो, माझ्या गड्डमचं झालं तसं.

देवनागरी यादी मिळाली तरी निर्धास्त होऊ नका. छापखान्यातल्या जुन्या फाँटमधला मजकूर युनिकोडमध्ये बदलून घेतलेला असेल तर रफार आणि जोडाक्षरं जागा सोडतात. 'दुर्गप्पा'चा रफार पुढच्या अक्षरावर जाऊन बसला तर नाव वाचण्याजोगं राहत नाही. विजेत्यानं स्वतःच्या हातानं भरलेला अर्ज मिळाला तर त्याच्याशीच ताडून बघा.

दुसरी गोम आहे नावाच्या क्रमाची. शाळा-महाविद्यालयांच्या याद्या हजेरीपटावरून येतात, म्हणून त्यांत आडनाव आधी असतं. मंचावरून नाव घेताना स्वतःचं नाव, मग वडिलांचं किंवा पतीचं, मग आडनाव असा क्रम हवा. कार्डावर लिहितानाच क्रम फिरवून घ्या. मंचावर उभं राहून डोळ्यांनी क्रम फिरवायला गेलात की अडखळणार, हे नक्की.

२. प्रत्येकाला फोन करा, आणि नाव त्यांना म्हणायला लावा

या पायरीला फाटा देऊ नका. अठरा विजेते असतील तर अठरा फोन, सगळे मिळून तासाभराचं काम.

फोनवर "तुमचं नाव चन्नबसप्पाच ना?" असं विचारू नका. समोरचा माणूस भिडस्त असतो, मोठ्या कार्यक्रमाचा फोन आल्यानं आनंदात असतो. तो म्हणतो, "हो हो, कसंबी घ्या, चालतंय की." त्या 'चालतंय'वर विसंबून राहू नका. त्याऐवजी म्हणा, "मी मंचावरून तुमचं नाव घेणार आहे. घरी जसं म्हणतात तसं एकदा सावकाश म्हणून दाखवाल का?" मग तुम्ही म्हणून दाखवा आणि विचारा, काही फरक वाटतो का. तरीही ते 'चालतंय' म्हणाले तर घरातल्या लहान मुलाला फोन द्यायला सांगा. मुलं भीड ठेवत नाहीत, लगेच दुरुस्त करतात. परवानगी घेऊन नाव फोनमध्ये रेकॉर्ड केलं तर सरावाला फार उपयोग होतो.

याच फोनवर आणखी दोन गोष्टी विचारून घ्या. एक, नावाआधी काय लावायचं? डॉ., प्रा., ॲड., हाजी यांपैकी काही आहे का? महिलांना 'सौ.', 'श्रीमती' की नुसतं नाव, हेही त्यांनाच विचारा. आपल्याकडे अजूनही बरेच जण 'श्रीमती'चा अर्थ वेगळा घेतात आणि चुकीच्या ठिकाणी तो शब्द जिव्हारी लागतो. दोन, घ्यायला स्वतः येणार की कुणाला पाठवणार? मुलगा येणार असेल तर त्याचं नाव कार्डावर हवं.

३. लांब नाव सांध्यावर तोडा

सोलापुरात एका यादीत मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू, मारवाडी अशी सगळी नावं एकाखाली एक येतात. याचा सराव कुठून करावा असं कुणी विचारलं, की मी शहरातल्या चार हुतात्म्यांची नावं सांगते. 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्यात फाशी गेलेले मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे. शहरात कार्यक्रम करणाऱ्या माणसाला ही नावं अडखळत घेता येणार नाहीत, आणि निवेदकाच्या जिभेला लागणारा बहुतेक सगळा व्यायाम या चार नावांत आहे.

'मल्लप्पा' घ्या. त्यात ल्ल आणि प्प अशी दोन दुहेरी अक्षरं आहेत. घाईत आपण 'मलप्पा' म्हणून जातो. दुहेरी अक्षरावर जीभ किंवा ओठ क्षणभर टेकून राहायला हवेत: मल्-लप्-पा. 'धनशेट्टी'च्या ट्टचंही तसंच. कन्नड आणि तेलुगू नावांत हे दुहेरी अक्षर म्हणजे नावाचा कणा असतो, तो गेला की माणूस आपलं नाव ओळखत नाही. 'जगन्नाथ'मधला न्न मात्र आपल्या सवयीचा आहे, तिथे चूक होत नाही. तेवढाच स्पष्ट उच्चार 'मल्लप्पा'चा करायचा, इतकंच.

पुढची अडचण सांध्याची. मराठी बोलताना आपण शब्दातला मधला 'अ' गिळतो. 'बसवराज' आपल्या तोंडात 'बस्वराज' होतो. पण ते नाव 'बसव' आणि 'राज' या दोन शब्दांचं आहे. बसव-राज. 'चन्नबसप्पा' पहिल्यांदा वाचणारा हमखास 'चन्नब-सप्पा' असं तोडतो. खरा सांधा चन्न-बसप्पा. 'रेवणसिद्ध' रेवण-सिद्ध आहे, रेव-णसिद्ध नव्हे. 'मल्लिकार्जुन'मध्ये मल्लिका आणि अर्जुन हे दोन शब्द आहेत. 'लक्ष्मीनारायण' सगळ्यांना जमतं, कारण त्यातले दोन्ही शब्द आपल्या ओळखीचे आहेत. म्हणून अनोळखी लांब नाव दिसलं की आधी त्यातले शब्द शोधा. सापडले की ते नाव तुम्हाला लांब वाटणार नाही.

तिसरी अडचण खास मराठी माणसाची. आपल्या च आणि ज या अक्षरांचे दोन-दोन उच्चार आहेत आणि लिहिताना ते कळत नाहीत. 'चन्नबसप्पा'तला च 'चहा'तला आहे, 'चमचा'तला नव्हे. 'जावेद'मधला ज 'जय'मधला, 'जग'मधला नव्हे. 'जाधव' मात्र 'जग'सारखाच. मी कार्डावर अशा अक्षराखाली पेन्सिलीनं टिंब देते: टिंब असेल तर 'चहा' किंवा 'जय', नसेल तर दुसरा. तुम्ही तुमची खूण ठरवा, पण ठरवाच.

उर्दू नावांबाबत माझं मत स्पष्ट आहे. 'कुर्बान'चा क घशातून काढण्याचा प्रयत्न मी करत नाही. मला तो सहज येत नाही आणि ओढूनताणून काढलेला उच्चार कानाला खटकतो. स्वच्छ क, र्ब नीट, 'बान' लांब, एवढं पुरे. नाव स्पष्ट आणि आदरानं घ्यायचं. दुसऱ्याच्या बोलीची नक्कल करत बसायचं नाही.

लांब नाव संस्थेचंही असतं. 'पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ' हे एका दमात म्हणायला गेलात तर 'विद्यापीठ' येईपर्यंत श्वास संपतो. 'होळकर'नंतर किंचित थांबा, मग 'सोलापूर विद्यापीठ'. विजेत्याच्या नावाआधी अशी दोन लांब नावं लागोपाठ येऊ देऊ नका. संस्थेचं नाव आधीच्या वाक्यात उरकून घ्या.

४. कार्ड असं करा

एक कार्ड दाखवते. नाव मी उदाहरणापुरतं जुळवलेलं आहे.

> ७
> ज्येष्ठ विणकर पुरस्कार
>
> यांनी 42 वर्षं माग चालवला / आणि जेकार्डवर नवी नक्षी बसवायला 25 तरुणांना शिकवलं. /
> या पुरस्कारासाठी निवडलेलं नाव आहे //
>
> चन्न-बसप्पा / रेवण-सिद्ध / बोरामणी-कर
>
> (टाळ्या) वळसंग. स्वतः येणार. सोबत नातू.

आडवी छोटी रेघ म्हणजे नावातला सांधा, तिथे थांबायचं नाही, फक्त जिभेला कळायला हवं. एक तिरकी रेघ म्हणजे अर्धा सेकंद. दोन तिरक्या रेघा म्हणजे नावाआधीचा खरा विराम. नाव बाकीच्या मजकुराच्या दुप्पट मोठ्या अक्षरात आणि एकाच ओळीत. ओळ मोडून नाव खालच्या ओळीत गेलं, तर तुम्ही ते नावही मोडूनच वाचणार.

कार्डं पातळ कागदाची नकोत. माइकसमोर कागद उलटला की सभागृहभर खसखस ऐकू येते, आणि ती ऐन विरामात ऐकू आली तर सगळं वातावरण जातं. कार्ड उलटायचं ते टाळ्या चालू असताना. दोन तिरक्या रेघा आणि नाव यांच्यामध्ये हात हलता कामा नये.

एकाच यादीत दोन सिद्धेश्वर किंवा दोन सिद्धराम असणं सोलापुरात नवलाचं नाही. अशा वेळी वडिलांचं नाव आणि गाव न चुकता घ्या, नाहीतर दोघंही उठतात.

५. वाक्य असं रचा की नाव शेवटी येईल

मराठीत क्रियापद शेवटी येतं. नावं पुकारताना हीच गोष्ट आडवी येते. "चन्नबसप्पा बोरामणीकर यांना ज्येष्ठ विणकर पुरस्कार देऊन गौरवण्यात येत आहे" असं म्हटलं की लोक 'बोरामणीकर'लाच टाळ्या सुरू करतात. तुम्ही पुढचे आठ शब्द टाळ्यांवर ओरडून पूर्ण करता. कुठला पुरस्कार ते कुणालाच ऐकू जात नाही, आणि ज्यांच्या टाळ्यांवर तुम्ही बोललात त्यांना वाटतं आपण घाई केली. दोष टाळ्या वाजवणाऱ्यांचा नाही, वाक्याचा आहे.

म्हणून नावाचा शेवटचा स्वर हाच वाक्याचा शेवट असू द्या. मी बरीच वर्षं "या पुरस्काराचे मानकरी आहेत..." म्हणत होते. मग एका स्पर्धेत अंतिम फेरीत दोन पुरुष आणि एक महिला होती. मी "पुरस्काराच्या मानकरी" एवढंच म्हटलं आणि समोरून टाळ्या सुरू झाल्या. 'च्या' म्हटल्याबरोबर सगळ्यांना नाव कळलं होतं. मराठीत 'चे' आणि 'च्या', 'ठरले' आणि 'ठरल्या', 'विजेता' आणि 'विजेती' सगळे गुपित फोडतात.

त्यावर उपाय म्हणजे वाक्यात दुसराच कर्ता घ्यायचा. "निवडलेलं नाव आहे..." यात 'नाव' नपुंसकलिंगी, पुढे कुणीही येऊ दे. परिचयाच्या ओळींतही हीच काळजी घ्या. "यांनी माग चालवला, तरुणांना शिकवलं" अशी वाक्यं चालतात, कारण 'यांनी' आलं की क्रियापद माणसाच्या मागे जात नाही. "मागावर काम करत आल्या आहेत" म्हटलं की संपलं.

निकाल आधीच पत्रिकेत छापलेले असतील तर हे सगळं गरजेचं नाही. तिथे 'मानकरी' खुशाल वापरा.

६. विराम किती, आणि कुठे

सगळ्यात जास्त चूक इथे होते आणि ती दोन्ही बाजूंनी होते. नवखा निवेदक एकतर थांबतच नाही, किंवा प्रत्येक नावाआधी चार सेकंद थांबतो. अठरा वेळा चार सेकंद थांबलात तर सहाव्या-सातव्या नावापासून लोक आपापसात बोलू लागतात.

विराम छोट्यापासून सुरू करायचा आणि तो वाढवत न्यायचा. एका गटात उत्तेजनार्थ, तृतीय, द्वितीय, प्रथम अशी चार नावं असतील तर मी असं करते:

- उत्तेजनार्थ: अर्धा सेकंद. नाव वाक्यापासून वेगळं ऐकू यावं एवढ्यापुरता
- तृतीय: एक सेकंद
- द्वितीय: दीड सेकंद
- प्रथम: अडीच ते तीन सेकंद

तीनच्या वर जाऊ नका. चौथ्या सेकंदाला लोकांना वाटतं की तुम्हाला नाव सापडत नाहीये. मागून कुणीतरी खोकतं, एखादं मूल ओरडतं, आणि मग नाव त्या गोंधळात पडतं.

मंचावर छाती धडधडत असताना एक सेकंद तीनसारखा वाटतो. म्हणून अंदाजानं थांबू नका. मनातल्या मनात सावकाश 'सोलापूर' म्हणायला मला बरोबर एक सेकंद लागतो. अडीच सेकंदांसाठी मी दोनदा 'सोलापूर' म्हणते आणि नाकानं श्वास घेते. तो श्वास मग नावाला पुरतो. तुमचा वेग वेगळा असेल. घरी स्टॉपवॉच लावून दहा वेळा म्हणा, वेळ मोजा आणि तुमचा शब्द ठरवून टाका.

विरामात मान खाली नको. दोन तिरक्या रेघांपर्यंत वाचलं की नावावर एकदा नजर टाका, मान वर करा, मनात 'सोलापूर' म्हणा, आणि नाव लोकांकडे बघत घ्या. लांब नाव असेल तर पहिला भाग बघून बाकीच्यासाठी खाली पाहावं लागेल. म्हणूनच ते पाठ हवं. अठरा नावं पाठ होत नसतील तर निदान प्रथम क्रमांकांची तरी पाठ करा.

मरणोत्तर पुरस्काराला हा नियम पूर्ण उलटा. नावाआधी उत्सुकतेचा विराम अजिबात नको. आधी सांगून टाका की पुरस्कार मरणोत्तर आहे, मग 'कै.' लावून नाव सरळ घ्या आणि नावानंतर थांबा. संगीत बंद. घरचे लोक मंचावर चढेपर्यंत काहीही बोलू नका. लोक टाळ्या वाजवतील किंवा उभे राहतील, ते त्यांचं त्यांना ठरवू द्या.

७. टाळ्यांना जागा

नाव संपलं की तोंड बंद. "जोरदार टाळ्या झाल्या पाहिजेत" म्हणायची गरज तेव्हाच पडते, जेव्हा निवेदक नावानंतर थांबलेला नसतो. वर बघा, विजेता जिथे बसला आहे त्या बाजूला वळा. लोकही तिकडे वळतात आणि टाळ्या आपोआप सुरू होतात. छोट्या कार्यक्रमात समोरच्या रांगेत एका स्वयंसेवकाला सांगून ठेवा की नाव संपताच पहिली टाळी त्यानं वाजवायची.

टाळ्या पहिल्या एक-दोन सेकंदांत चढतात, थोडा वेळ टिकतात आणि मग उतरतात. बोलायचं ते उतरताना, आवाज निम्म्यावर आल्यावर. पूर्ण शांत होण्याची वाट पाहिलीत तर पोकळी पडते. भर टाळ्यांत बोललात तर तुम्ही त्या कापून टाकता. साधारण पाच ते सात सेकंद लागतात. शाळेच्या कार्यक्रमात आई-वडील, मावश्या, मित्र सगळे ओरडतात तेव्हा दहाही लागतात. ते ओरडणं थांबवू नका. त्या मुलीच्या घरच्यांनी त्यासाठीच सकाळच्या गाडीनं करमाळ्याहून येण्याचे कष्ट घेतलेले असतात.

टाळ्या उतरल्या की "मंचावर यावं, अशी विनंती" आणि चालत येण्याच्या वेळात परिचयाच्या उरलेल्या दोन ओळी. पुरस्कार हातात देताना, फोटो निघताना मात्र गप्प. त्या वेळी कुणी ऐकत नसतं.

८. आयोजकांना वेळेचा हिशेब आधी द्या

आयोजक म्हणतात, "अठरा पुरस्कार, पंधरा मिनिटांत उरका." तेव्हा त्यांच्यासमोर कागदावर मांडून दाखवा. पुरस्काराचं नाव 6 सेकंद, परिचयाची ओळ 10, 'निवडलेलं नाव आहे' 2, विराम अडीच, नाव 4. एकूण साधारण 25. नाव घेतल्यापासून दहाव्या रांगेतून मंचावर पोहोचायला 25 सेकंद, टाळ्या त्यातच. पुरस्कार आणि फोटो 15, खाली उतरायला 5. म्हणजे एका पुरस्काराला 70 सेकंद, अठरांना 21 मिनिटं.

इथे आयोजक हमखास म्हणतात, "मग विराम काढून टाका, टाळ्या कमी करा." अठरा वेळा अडीच सेकंद म्हणजे 45 सेकंद. एवढ्यानं काही वाचत नाही. वेळ जातो चालण्यात. विजेत्यांना पहिल्या दोन रांगांत मंचाच्या पायऱ्यांच्या बाजूला बसवा, म्हणजे 25 चे 10 होतात. एका पुरस्काराला 55 सेकंद, एकूण साडेसोळा मिनिटं, आणि एकाही नावाची घाई नाही. पुढचा विजेता आधीच पायऱ्यांपाशी उभा केला तर आणखी वाचतील, पण मग नाव घेण्याआधीच सगळ्यांना कळतं. मी फक्त उत्तेजनार्थ क्रमांकांसाठी ते करू देते.

९. सभागृहात जाऊन एकदा म्हणून बघा

हुतात्मा स्मृती मंदिरासारखं मोठं नाट्यगृह असो किंवा एखाद्या मंगल कार्यालयाचा हॉल, आवाज प्रत्येक ठिकाणी वेगळा परततो. रिकाम्या पत्र्याच्या हॉलमध्ये तुमच्याच शब्दाचा प्रतिध्वनी पुढच्या शब्दावर येऊन बसतो. तिथे नावातल्या तिरक्या रेघा थोड्या लांब करा. एक मैत्रीण शेवटच्या रांगेत बसवा, तिला यादी देऊ नका, आणि तिला ऐकू आली तशी नावं लिहायला सांगा. तिनं 'मलप्पा' लिहिलं तर तुम्ही 'मलप्पा'च म्हटलं आहे.

माइक तोंडापासून चार बोटं दूर आणि किंचित बाजूला. प, फ, ब, भ यांवर हवेचा फटका बसून स्पीकरमधून 'फट्' असा आवाज येतो. 'मल्लप्पा', 'सिद्रामप्पा', 'शिवशरणप्पा' अशी नावं असलेल्या यादीत तर तो सारखा येतो. हवा माइकच्या शेजारून जाऊ द्या.

साउंडवाल्या दादांशी बसून एक गोष्ट पक्की करा: धून नाव *संपल्यावर* वाजली पाहिजे. बरेच जण नाव सुरू होताच बटण दाबतात आणि आडनाव तुताऱ्यांच्या आवाजात बुडतं. खूण ठरवा. मी नाव पूर्ण झालं की कार्ड खाली आणते, कार्ड खाली आलं की धून. विरामात ढोलाचा आवाज घालू का, असं ते विचारतील. प्रथम क्रमांकाला एकदाच, हवं तर. शांतता त्याहून चांगली, असं माझं मत.

१०. चुकलंच तर

काळजी घेऊनही चूक होते. कळल्याक्षणी थांबा. "क्षमस्व" एवढा एकच शब्द, मग संपूर्ण नाव पहिल्यापासून, बरोबर, सावकाश, आणि पुन्हा टाळ्यांना जागा. 'यादीत चुकीचं छापलं होतं', 'नाव जरा अवघड आहे' असं काही बोलू नका. विशेषतः 'अवघड आहे' तर कधीच नाही. त्या घरात ते नाव कुणालाच अवघड नसतं.

नाव घेऊन पाच सेकंदांत कुणी उठलं नाही तर पुढच्या नावाकडे जाऊ नका. मी गेले, म्हणून एकाचं सन्मानचिन्ह दुसऱ्याच्या हातात पडलं. कार्डावरचं गाव वाचा: "वळसंगहून आलेले..." आणि सभागृहाकडे बघत थांबा. माणूस गावाच्या नावाला उठतो. तो उठला की त्याच्याकडे बघून नाव विचारा, ऐका, आणि माइकवर त्याच्याच उच्चारात पुन्हा घ्या. टाळ्या थोड्या उशिरा येतात, पण येतात.